निबंध स्पर्धेची गुणविभागणी: युक्तिवादाला निम्मे गुण ठेवूनही निकाल शुद्धलेखनच ठरवतंय, काय करावं?

वडाळा_रोड

आमच्या भागातल्या एका ग्रंथालयातर्फे अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मराठी निबंध स्पर्धा होते. परीक्षक तिघे असतात आणि निबंधांवर नाव नसतं, नुसतं अक्षर असतं. यंदाचा विषय होता, "लोकलची गर्दी कमी करण्यासाठी कार्यालयांच्या वेळा बदलाव्यात का?" विषय मुद्दाम असा निवडला, कारण आम्हाला मुलांनी वर्णन करायला नको होतं, बाजू घेऊन ती पटवून द्यायला हवी होती.

गुण २०. युक्तिवाद १०, मांडणी ५, शुद्धलेखन-व्याकरण ५. युक्तिवादाला निम्मे गुण दिले म्हणजे काम झालं असं समितीला वाटत होतं. अंतिम फेरीतले सहा निबंध वाचले आणि मी अस्वस्थ झाले. पहिला आलेला निबंध नीटनेटका आहे, पण त्यात भूमिकाच नाही. मुंबईची जीवनवाहिनी, धकाधकीचं जीवन, सर्वांनी मिळून विचार केला पाहिजे, एवढंच. शेवटच्या क्रमांकावरचा निबंध मात्र मी दोनदा वाचला. त्या मुलानं किंवा मुलीनं लिहिलंय की वेळा बदलल्या तर फायदा टेबलावर बसून काम करणाऱ्यांना होईल. घरकाम करणाऱ्या बायका आणि दुकानांतले नोकर यांची वेळ मालकाच्या वेळेला बांधलेली असते, त्यांना कोण विचारणार? आणि एवढं लिहून तो तिथेच थांबत नाही, तोडगाही सुचवतो. पण "आणी", "नाहि", "गर्दि" असं पानोपानी आहे, म्हणून शुद्धलेखनात शून्य.

अजून निकाल जाहीर केलेला नाही. पुढच्या वर्षीसाठी तर गुणविभागणी बदलायचीच आहे, पण शक्य असेल तर यंदाही फेरतपासणी करावी असं समितीतल्या दोघांचं मत आहे. शुद्धलेखनाला नेमके किती गुण ठेवावेत?

नववी_ब

ताई, सरळ उपाय आहे. शुद्धलेखन २ गुणांवर आणा आणि वाचलेले ३ युक्तिवादाला द्या. १३-५-२. मी माझ्या वर्गात असंच करतो. शुद्धलेखन दहा टक्क्यांच्या वर गेलं की मुलं घाबरून छोटी छोटी सुरक्षित वाक्यं लिहितात.

रेखीव

मी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं आहे, त्यामुळे माझं मत एका बाजूचं वाटेल, तरी लिहितो. मराठी निबंध स्पर्धेत मराठी नीट लिहिण्याला दोनच गुण? मग स्पर्धा मराठीत घेता कशाला? १९६२ पासून मान्य झालेले नियम आहेत, ते शाळेत शिकवले जातात. शेवटच्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ, आणि "आणि", "परंतु" सारखी अव्ययं ऱ्हस्व. अकरावीच्या मुलाला हे यायला हवं. विचार चांगला आहे म्हणून चुकांकडे डोळेझाक करायची, हे मला पटत नाही. ज्यानं मेहनत घेऊन स्वच्छ लिहिलं त्याचं काय?

माहीमकर_आई

थोडं वेगळं विचारते. माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, सायनच्या रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळालं आहे. बोर्डाच्या परीक्षेत त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका धरल्या जात नाहीत. पण बाहेरच्या स्पर्धांत कोणी असं काही ठेवत नाही, म्हणून तो भागच घेत नाही. तुमच्या स्पर्धेत अशा मुलांसाठी काही सोय आहे का? आणि बोर्डाच्या पेपरात इतर मुलांचे चुकांसाठी किती गुण कापतात, हे कोणाला माहीत आहे का? धाकटी यंदा दहावीला आहे.

वडाळा_रोड

@माहीमकर_आई, खरं सांगायचं तर अशी सोय नाही, आणि ती असायला हवी. हे समितीपुढे ठेवते. बोर्डाच्या पेपराबद्दल इथे जाणकार असतील तर सांगतील, माझा प्रश्न आमच्या स्पर्धेपुरता आहे.

@रेखीव, चुकांकडे डोळेझाक करावी असं मीही म्हणत नाही. पण निम्मे गुण युक्तिवादाला असताना युक्तिवाद नसलेला निबंध पहिला येतो, हे कसं होतं तेच मला कळत नाही.

जुनी_वही

किती गुण ठेवावेत हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. सहा निबंधांचे रकानेवार गुण इथे टाकाल का? एकूण बेरीज नको, प्रत्येक रकान्याचे वेगळे. शुद्धलेखनाचे गुण कसे कापले, तेही लिहा. प्रत्येक निबंध साधारण किती शब्दांचा आहे, तेही.

वडाळा_रोड

हे घ्या. क्रम युक्तिवाद (१०), मांडणी (५), शुद्धलेखन (५), एकूण.

अ: ६, ३, ५ = १४
ब: ७, ३, ० = १०
क: ६, ३, ४ = १३
ड: ५, ३, ४ = १२
इ: ६, ४, १ = ११
फ: ७, ३, २ = १२

मी म्हणत होते तो निबंध "ब". शुद्धलेखनात ५ पासून सुरुवात करून प्रत्येक चुकीला अर्धा गुण कापला, म्हणजे दहा चुका झाल्या की शून्य. शब्दांची मर्यादा ९०० होती. "ब"नं जवळपास पूर्ण वापरली आहे. "ड" साडेचारशेच्या आसपास असेल. बाकीचे मधले.

जुनी_वही

आता एकूण गुणांचा क्रम बघा आणि शेजारी नुसत्या शुद्धलेखनाचा क्रम ठेवून बघा. एकूण गुणांत अ, क, मग ड आणि फ बरोबरीत, मग इ, शेवटी ब. शुद्धलेखनात अ, मग क आणि ड बरोबरीत, मग फ, इ, ब. जवळजवळ तोच क्रम. बाकीच्या पंधरा गुणांनी या निकालात काहीच केलेलं नाही.

याचं कारण रकान्यावर किती गुण छापलेत यात नाही. परीक्षकांनी त्यातले किती वापरले यात आहे. युक्तिवादाचे १० छापले, पण गुण पडले ५ ते ७. म्हणजे सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट युक्तिवादात फरक दोनच गुणांचा. मांडणीत तर एकाच गुणाचा. शुद्धलेखनात मात्र ० ते ५, पूर्ण पट्टी वापरली. सगळ्यांना मिळालेला गुण कोणालाच पुढे नेत नाही. माणूस पुढे-मागे होतो तो फरकामुळे, आणि फरक पडला तो फक्त एका रकान्यात. कागदावर युक्तिवाद शुद्धलेखनाच्या दुप्पट, प्रत्यक्षात शुद्धलेखन युक्तिवादाच्या अडीच पटीहून जड.

मी बरीच वर्षं परीक्षकांचे गुण तपासण्याचं काम केलं, आणि हे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पाहिलं. चूक मोजता येते, म्हणून तिथे परीक्षक निर्धास्तपणे शून्य देतो. युक्तिवादाला "३" द्यायचे तर कोणी विचारलं की का, त्याचं उत्तर हाताशी नसतं. मग तो ६ देऊन मोकळा होतो. सहा म्हणजे "माझ्याशी भांडू नका" असा गुण आहे.

नववी_ब

हे बरोबर आहे, पण म्हणूनच तर मी म्हणतो की शुद्धलेखन २ वर आणा. पट्टीच लहान केली की फरकही लहान होईल.

जुनी_वही

करून बघा. याच गुणांवर तुमची १३-५-२ लावा. शुद्धलेखनाचे पाचाचे दोन केले की ब ०, इ ०.४, फ ०.८, क आणि ड १.६, अ २. युक्तिवादाला १.३ नं गुणलं की ५ चे ६.५, ६ चे ७.८, ७ चे ९.१.

बेरीज: फ १२.९, अ १२.८, क १२.४, इ १२.२, ब १२.१, ड ११.१.

फ वर आला, ठीक. पण भूमिकाच नसलेला अ दुसरा आणि तुमचा ब सहात पाचवा. शुद्धलेखन दहा टक्क्यांवर आणूनही! तुमचा उपाय चुकीचा नाही, पण युक्तिवादाचे गुण ५-६-७ मध्येच अडकले असतील तर तो फार दूर नेत नाही. उलट त्याचा एक तोटा आहे. रेखीव म्हणतात तो आक्षेप खरा होतो आणि मोबदल्यात विशेष काही हाती लागत नाही.

नववी_ब

आत्ता वहीत मांडून पाहिलं. खरंच पाचवा येतो. हे मी माझ्या वर्गाच्या गुणांवरही करून बघणार आहे.

आकडेमोड

याला संख्याशास्त्रात तयार उत्तर आहे. प्रत्येक रकान्याच्या गुणांचं सरासरीपासूनचं अंतर काढा, त्याला त्या रकान्याच्या प्रमाण विचलनानं, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापानं, भागा आणि मग हवं ते वजन लावा. युक्तिवादाचं प्रमाण विचलन इथे साधारण ०.६९ आहे आणि शुद्धलेखनाचं १.८०. एकदा भागलं की दोन्ही एका पातळीवर येतात आणि कागदावरचं वजन तेच प्रत्यक्षातलं वजन होतं. परीक्षकांना काहीही बदलायला सांगायची गरज नाही. एक्सेलमध्ये `=(B2-AVERAGE(B$2:B$7))/STDEV.P(B$2:B$7)` एवढं लिहून खाली ओढायचं.

जुनी_वही

@आकडेमोड, तुमचे आकडे बरोबर आहेत आणि हजारो उत्तरपत्रिका असतील तिथे हे करतातही. पण सहा निबंधांवर नको. दोन कारणं.

एक, युक्तिवादात ५ आणि ७ हे गुण परीक्षकांनी विचार करून दिलेले नाहीत, संकोचानं दिलेले आहेत. ते ताणून मोठे केले की त्यातली बेपर्वाईही तेवढीच मोठी होते. अ, क आणि इ या तिघांनाही ६ आहेत. ताई म्हणतात अ मध्ये भूमिका नाही. मग त्या तिघांत फरक असणार, तो गुणांत आलेलाच नाही, आणि जो आलाच नाही तो सूत्र कुठून आणणार?

दुसरं, सहाच्या गटात एक निबंध बदलला की सरासरी आणि विचलन दोन्ही हलतात. "ड"नं माघार घेतली म्हणून "ब" आणि "इ"चा क्रम उलटला, असं होऊ शकतं. हे पालकांना कसं समजावणार?

आकडेमोड

दुसरा मुद्दा मान्य. पहिल्याबद्दल मात्र माझी शंका आहे. समजा सहाही निबंधांचा युक्तिवाद खरोखरच सारखा असेल, तर? तेव्हा परीक्षकांनी जबरदस्तीनं ३ ते ९ गुण वाटले तर तीही बेपर्वाईच.

जुनी_वही

अगदी. म्हणूनच "पट्टी पूर्ण वापरा" असं परीक्षकांना नुसतं सांगू नये. मग ते आकड्यांसाठी फरक शोधतात. पायऱ्या आधी लिहायच्या, निबंध वाचण्यापूर्वी, आणि निबंध ज्या पायरीवर बसेल तिथे बसवायचा. सहाही ५ वर बसले तर बसू द्या. मग त्या वर्षी शुद्धलेखनानं निकाल लागला तरी माझी तक्रार नाही.

खारदांडा

आयईएलटीएसमध्ये लेखनाला चार निकष असतात आणि चौघांनाही सारखं, पंचवीस-पंचवीस टक्के वजन असतं. मी दिली आहे ती परीक्षा. जगभर चालते, मग तीच पद्धत का घेऊ नये? सगळ्यांना सारखं वजन म्हणजे वादच नाही.

जुनी_वही

ती भाषेची परीक्षा आहे. समोरच्याला इंग्रजी किती येतं हे शोधायचं असल्यामुळे चारातले दोन निकष, शब्दसंपदा आणि व्याकरण, थेट भाषेचेच आहेत. तिथे ते योग्य आहे. इथे ताईंना मूल युक्तिवाद कसा करतं हे बघायचं आहे. हेतू वेगळा, म्हणून विभागणी वेगळी.

पण तुमच्या उदाहरणातून एक गोष्ट निघते, ती सांगतो. रकाने किती पाडता यावरूनही वजन ठरतं. अमेरिकेत पॉल डीडरिक नावाचे अभ्यासक होते. १९६१ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ३०० निबंध ५३ वाचकांना वाचायला दिले, त्यात शिक्षक होते, लेखक-संपादक होते, वकील होते, व्यावसायिक होते. काय पाहून गुण द्यायचे ते सांगितलं नव्हतं. वाचकांचे गट पडले: कोणी विचारांना मान देणारे, कोणी चुकांना, कोणी मांडणीला, कोणी शब्दांना, कोणी शैलीला. एकाच निबंधाला इतके वेगळे गुण पडले की बहुतेक निबंधांना नऊपैकी किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. त्यानंतर त्यांनी जी गुणपट्टी सुचवली तिच्यात विचारांना १० आणि मांडणीला १० होते, बाकीच्यांना पाच-पाच. ऐकायला विचार दुप्पट जड. पण पाच-पाचवाल्यांत भाषावापर, विरामचिन्हं, शुद्धलेखन आणि हस्ताक्षर असे चार वेगळे रकाने होते. चौघांची बेरीज २०, विचारांच्या दुप्पट. आणि ज्याचं शुद्धलेखन कच्चं त्याची विरामचिन्हंही बहुधा कच्चीच असतात, त्यामुळे एकाच उणिवेसाठी तो चार वेळा मार खातो.

ताई, तुमच्या पट्टीत रकाने तीनच आहेत, हे चांगलं. "भाषा", "एकूण प्रभाव", "नीटनेटकेपणा" असे रकाने कोणी सुचवले तर घेऊ नका. तिन्हींत शुद्धलेखन मागच्या दारानं शिरतं.

वडाळा_रोड

"एकूण प्रभाव ५ गुण" असा रकाना समितीत खरंच सुचवला गेला होता! बरं, तुम्ही म्हणता तशा पायऱ्या युक्तिवादासाठी कशा लिहायच्या? "उत्तम, चांगला, साधारण" असं आमच्याकडे आहे.

जुनी_वही

"उत्तम" आणि "चांगला" यांनी काही होत नाही, प्रत्येकाचं उत्तम वेगळं. निबंधात काय सापडलं पाहिजे ते लिहा. तुमच्या विषयासाठी मी असं लिहिलं असतं:

विषयाभोवतीची माहिती आहे, पण वेळा बदलाव्यात की नाही हे लेखक सांगतच नाही, तर ० ते २. भूमिका कुठेतरी दिसते, पण कारणं नुसती विधानं आहेत, तर ३-४. कारणाला एखादा दाखला, निरीक्षण किंवा आकडा जोडला आहे आणि तो खरोखर त्याच कारणाला आधार देतो, तर ५-६. समोरच्याचा खरा आक्षेप मांडून त्याला उत्तर दिलं आहे, तर ७-८. आक्षेपाचा विचार करून आपली भूमिका नेमकी केली आहे, म्हणजे कोणासाठी, कुठल्या अटीवर, कुठून सुरुवात, तर ९-१०.

प्रत्येक पायरीवर बोट ठेवता येतं. ३ दिले आणि कोणी विचारलं तर "दाखला कुठे आहे दाखवा" एवढं म्हणायचं. हे उत्तर हाताशी आलं की परीक्षक खालचे गुण द्यायला कचरत नाहीत आणि फरक आपोआप पडतो.

शुद्धलेखनाचं उलट. तिथे चुका मोजणं थांबवा. दर चुकीला अर्धा गुण म्हटलं की ९०० शब्द लिहिणाऱ्याला ४५० शब्द लिहिणाऱ्याच्या दुप्पट संधी मिळते, चुकण्याची. शिवाय "आणी" हा एकच चुकीचा शब्द बारा वेळा आला तर ती एक चूक आहे, बारा नव्हेत. वाचताना काय होतं त्यावर पायऱ्या करा: कुठेही अडखळायला होत नाही ५, क्वचित अडखळायला होतं ४, अधूनमधून ३, वारंवार अडखळतो पण अर्थ सुटत नाही २, काही वाक्यं पुन्हा वाचावी लागतात १, अर्थच लागत नाही ०.

आणि शेवटचं, वाचण्याचा क्रम. आधी सहाही निबंध फक्त युक्तिवादासाठी वाचायचे, लाल पेन हातात न घेता, आणि ते गुण वेगळ्या कागदावर लिहून बंद करायचे. मग दुसऱ्या फेरीत भाषा. एका बैठकीत तिन्ही रकाने भरले की पहिल्या परिच्छेदातल्या चार चुका युक्तिवादाचा गुणही खाली ओढतात आणि परीक्षकाला ते कळतही नाही.

रेखीव

पायऱ्यांची कल्पना मला आवडली, हे आधी सांगतो. पण एक विसरू नका. भाषा चुकली की कधी कधी युक्तिवादच चुकतो. "वेळा बदलल्यामुळे गर्दी कमी न होता विभागली जाईल" यातला "न" गळला तर वाक्य उलटं होतं. विभक्ती चुकली की कोणी कोणाला सवलत द्यायची तेच कळत नाही. स्वल्पविराम नसला तर अट कुठल्या वाक्याला लागते ते कळत नाही. हे काय नुसतं "अडखळणं" आहे?

जुनी_वही

नाही, ते अडखळण्यापेक्षा जास्त आहे. तिथे युक्तिवादाचे गुण जातील, कारण युक्तिवाद पोचलाच नाही. पण मग त्याच जागेसाठी शुद्धलेखनात परत कापायचे नाहीत. एक चूक, एकदाच शिक्षा. आणि तुम्ही अनुभवी आहात, तुम्हीच सांगा: तुमच्याकडे आलेल्या हजार चुकांत अशा अर्थ फिरवणाऱ्या किती असायच्या आणि "नाहि", "गर्दि" सारख्या किती?

रेखीव

अर्थ फिरवणाऱ्या फार थोड्या. हे मान्य करावंच लागेल. "दिन" आणि "दीन" यांत अर्थ बदलतो हे आम्ही नेहमी सांगतो, पण वाक्यात वाचताना सहसा कोणी फसत नाही. तरीही पाचाचे दोन करू नयेत या मतावर मी आहे.

माहीमकर_आई

"लाल पेन हातात न घेता" हे वाचून बरं वाटलं. माझ्या मुलाच्या वहीत मुद्दा काय होता ते कोणी कधी वाचलंच नाही असं मला वाटायचं. त्याच्यासारख्या मुलांना शुद्धलेखनाचा रकाना वगळून पंधरापैकी गुण देऊन वीसावर आणता येतील का?

आकडेमोड

येतील, सोपं आहे. मिळालेल्या गुणांना २० नं गुणून १५ नं भागा. फक्त नियम आधी जाहीर करा आणि प्रमाणपत्र परीक्षकांना न दाखवता संयोजकांकडे ठेवा, म्हणजे अक्षराखालचं नाव कोणाचं ते परीक्षकांना कळणार नाही.

वडाळा_रोड

आमच्या समितीनं फेरतपासणी केली. गुणविभागणी तीच ठेवली, १०-५-५. नवे नियम लावले तर काय होतं ते आधी बघायचं होतं. मांडणीचे गुण जसे होते तसेच ठेवले.

जुनी_वहींच्या पायऱ्या छापून दिल्या. आणखी एक केलं. "अ" आणि "ब" हे निबंध आमच्या एका स्वयंसेविकेनं टाइप केले, फक्त शुद्धलेखन सुधारून. शब्द आणि वाक्यं जशीच्या तशी. एका परीक्षकाला या सुधारलेल्या प्रती दिल्या, दुसऱ्याला मूळ. "ब"ला सुधारलेल्या प्रतीवर ९ मिळाले, मूळ प्रतीवर ८. आधी त्यालाच ७ होते. दोघांनी बसून चर्चा केली आणि ९ ठरवले, कारण शेवटी त्यानं सुरुवात सरकारी आणि रेल्वेच्या कार्यालयांपासून करा असं अटीसह लिहिलंय, आणि मध्य रेल्वेनं २०२३ मध्ये आपल्या मुंबई विभागाच्या कार्यालयात दोन वेगळ्या वेळा ठेवल्या होत्या त्याचा दाखलाही दिलाय. "अ"ला दोघांनीही ४ दिले. शेवटच्या परिच्छेदात एक अर्धवट भूमिका सापडली, म्हणून ४, नाहीतर त्याहून कमी.

नवे गुण:

अ: ४, ३, ५ = १२
ब: ९, ३, २ = १४
क: ५, ३, ४ = १२
ड: ३, ३, ४ = १०
इ: ६, ४, ३ = १३
फ: ८, ३, ३ = १४

आकडेमोड

प्रमाण विचलन काढून बघितलं. युक्तिवाद २.११, शुद्धलेखन ०.९६. म्हणजे २.२ पट. कागदावर दोनास एक होतं, प्रत्यक्षातही जवळपास तेच आलं, एकही गुण इकडचा तिकडे न करता. माझ्या सूत्राची गरज पडली नाही.

नववी_ब

शुद्धलेखन पाचच्या पाच ठेवून ब वर आला, हे मला अपेक्षित नव्हतं. पण मांडणीत अजून सगळे ३ आणि एकच ४ आहे. तो रकाना काहीच काम करत नाही ना?

जुनी_वही

बरोबर पकडलंत. आत्ता तो निकालात नसल्यासारखाच आहे. एकतर त्याच्याही पायऱ्या लिहा, उदाहरणार्थ प्रत्येक परिच्छेदाला एकच काम आहे का, मुद्दे उलटसुलट केले तरी चालतील की एकातून दुसरा निघतो, किंवा तो युक्तिवादात मिसळून १५-५ करा. माझा कल मिसळण्याकडे आहे, कारण युक्तिवादाच्या निबंधात मांडणी फारशी वेगळी काढता येत नाही. पण यावर जाणकारांत एकमत नाही.

टाइप केलेल्या प्रतीबद्दल: एका निबंधावरच्या एका गुणाच्या फरकातून फार निष्कर्ष काढू नका. परीक्षकही वेगळे होते, त्यामुळे तो गुण प्रतीमुळे कमी पडला की माणसामुळे, हे सांगता येत नाही. पुढच्या वर्षी दहा-बारा निबंधांवर करा आणि प्रती आलटून पालटून द्या, एका परीक्षकाला निम्मे मूळ आणि निम्मे सुधारलेले. मग काही कळेल.

रेखीव

ब आणि फ यांची बरोबरी झाली आहे. पहिला कोण? माझ्या मते शुद्धलेखनात ज्याला जास्त गुण त्याला पहिला द्यावा, म्हणजे फ. दोघांचाही युक्तिवाद वरच्या पायऱ्यांवर आहे. तिथून पुढे भाषा बघायला काय हरकत आहे?

जुनी_वही

माझी हरकत आहे. ज्या गोष्टीला दुप्पट वजन दिलं, बरोबरी तिच्यावरच सोडवावी. नाहीतर शेवटचा शब्द पुन्हा शुद्धलेखनाचाच होतो.

रेखीव

आणि पहिला आलेला निबंध ग्रंथालयाच्या फलकावर लागतो. तिथे "आणी" आणि "नाहि" वाचून पुढची मुलं काय शिकणार? संपादन करून लावलात तर तो त्या मुलाचा निबंध राहत नाही.

वडाळा_रोड

बरोबरी कशी सोडवायची हे नियमावलीत लिहिलेलंच नव्हतं, म्हणून यंदा ब आणि फ दोघांनाही पहिला क्रमांक विभागून देतोय. पुढच्या वर्षीचा नियम समितीच्या बैठकीत ठरेल, आणि तिथे रेखीवांच्या आणि जुनी_वहींच्या बाजूचे लोक जवळपास सारखे आहेत. फलकावर लावण्याआधी मूल स्वतः आपला निबंध दुरुस्त करेल, एक जण शेजारी बसून नियम दाखवेल. @रेखीव, ते काम तुम्ही कराल का? वडाळ्याला यावं लागेल, शनिवारी संध्याकाळी.

रेखीव

येईन. चुकांची यादी आधी पाठवू नका, त्याच्याबरोबरच बघू.

माहीमकर_आई

पंधराचे वीस करण्याचा नियम पुढच्या वर्षीच्या पत्रकात असेल का? असेल तर नाव कधीपर्यंत द्यायचं?

वडाळा_रोड

तो मंजूर झाला, पत्रकात असेल. नावं जूनमध्ये घेतो, प्रमाणपत्राची प्रत बंद पाकिटात माझ्याकडेच द्या.